वांगी रंगाची साडी आणि फाईलसोबतची चिठ्ठी

"ताई, साडी वांगी आहे हो. फोटोत निळी आलीय."

फोन येवल्याहून होता, पैठणीच्या एका दुकानातून. तीन आठवड्यांपूर्वी मी त्यांच्या दिवाळी कॅटलॉगचे ४२ फोटो रिटच करून पाठवले होते. त्यातल्या सतरा नंबरच्या साडीबद्दल काका बोलत होते. साडी त्यांच्या हातात, फोटो त्यांच्यासमोर, आणि मी पुण्यात. ती साडी मी एकदाही डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. काही वर्षांपूर्वी या एका वाक्यापायी माझी रात्र गेली असती. या वेळी मी विचारलं, "काका, फोटोशॉप कुणाला येतं तुमच्याकडे?" भाच्याला थोडंफार येत होतं. "मग फाईलबरोबर एक चिठ्ठी पाठवलीय, ती त्याला उघडायला सांगा. साडीचा रंग, असं लिहिलेला भाग वाचायचा."

अर्ध्या तासात नवा फोटो आला. साडी वांगी झाली होती. जर सोनेरीच राहिली होती, आणि काठातल्या हिरव्या पोपटांचा रंगही हलला नव्हता.

फोटो काढून झाल्यावर त्यातल्या टाचण्या, सुटलेले धागे, घडीच्या रेषा, स्टँडचा पाय हे सगळं काढून चित्र छपाईयोग्य करणं म्हणजे रिटचिंग. हे काम करणारे आम्ही बहुतेक जण घरूनच काम करतो, कामागणिक पैसे घेतो आणि फाईल पोचली की दृश्यातून नाहीसे होतो. त्यामुळे आमच्यामागे राहतं ते फक्त फाईलमध्ये आणि तिच्यासोबतच्या कागदावर. फाईलबद्दल गिऱ्हाईक विचारतं. त्या कागदाबद्दल सहसा कुणी विचारत नाही. म्हणून त्याच्याविषयी थोडं सविस्तर.

आपल्याकडे छपाईच्या धंद्यात दोन शब्द चालतात, फ्लॅट फाईल आणि ओपन फाईल. फ्लॅट म्हणजे सगळं एकजीव झालेलं चित्र, आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो तसं. ओपन फाईलमध्ये केलेलं काम एकावर एक थरांत, म्हणजे लेयरमध्ये, वेगवेगळं ठेवलेलं असतं. फोटोशॉपमध्ये लेयर १९९४ साली आले. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, आमच्या कामाच्या दृष्टीने त्याहूनही मोठी सोय आली, ती म्हणजे अ‍ॅडजस्टमेंट लेयर. या थरात चित्र नसतंच. 'खालचं जे काही आहे ते थोडं उजळ दाखव', 'निळ्याला जांभळ्याकडे इतकं सरकव' अशी नुसती सूचना असते. मूळ चित्रातल्या एकाही ठिपक्याला ती हात लावत नाही. सूचना बदलली की दिसणं बदलतं, सूचना काढून टाकली की मूळ जसंच्या तसं समोर येतं.

हे महत्त्वाचं का, ते कळायला फ्लॅट फाईलवर रंग दोन-तीनदा फिरवून पाहावा. साध्या जेपेगमध्ये लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या असतात. एकदा रंग ओढला की काही पायऱ्या एकमेकींत मिसळतात, काही रिकाम्या पडतात. ते सेव्ह केलं, पुन्हा उलट ओढलं, तर गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. रेशमाच्या घडीवर उजेडाकडून सावलीकडे जी मऊ उतरण असते तिथे पट्टे दिसू लागतात, आणि रेशीम प्लॅस्टिकसारखं वाटायला लागतं. अ‍ॅडजस्टमेंट लेयरची सूचना मात्र दहा वेळा बदलली तरी हिशोब प्रत्येक वेळी मूळ चित्रापासून नव्याने होतो.

माझे वडील एका जाहिरात एजन्सीत पेस्टअपचं काम करत. जाड बोर्डावर मजकूर आणि चित्रं चिकटवून आर्टवर्क तयार झालं की वर एक बटरपेपर लावायचा. त्यावर पेन्सिलीने प्रोसेसवाल्यासाठी सूचना: इथला रंग इतके टक्के, ही रेघ छापायची नाही, हा फोटो इथून कापायचा. आर्टवर्कवर एक ओरखडाही नको, सांगायचं ते सगळं बटरपेपरवर. अ‍ॅडजस्टमेंट लेयर मला पहिल्यांदा समजला तो याच आठवणीमुळे. आणि चिठ्ठीही. बटरपेपरशिवाय गेलेलं आर्टवर्क प्रोसेसवाला स्वतःच्या अंदाजाने उरकतो, तसंच चिठ्ठीशिवाय गेलेल्या ओपन फाईलचं होतं.

आता माझी चूक सांगते, कारण चिठ्ठी तिच्यातूनच आली. सुरुवातीच्या काळात एका बुटीकसाठी मी साड्यांचे फोटो केले. ओपन फाईल दिली, थर भरपूर होते, मला वाटलं क्लायंटला हवं ते बदलता येईल. छपाईच्या आदल्या दिवशी त्यांच्या डिझायनरने एका साडीचा रंग जरा तांबूस करायला रंगाचा थर हलवला, आणि साडीवर अंगावर पुरळ उठावं तसे डाग उमटले. जिथे जिथे मी टाचणी पुसली होती, धागा काढला होता, तिथे तिथे जुन्या रंगाचा एकेक ठिपका. रात्रभर बसून ते चित्र मी पुन्हा पहिल्यापासून केलं.

कारण साधं होतं. डाग पुसताना आपण शेजारचं चांगलं कापड उचलून डागावर बसवतो. हे ठिगळ म्हणजे सूचना नव्हे, ते खरं चित्र असतं. मी आधी रंग लावला होता आणि मग सगळ्यात वर नवा थर घेऊन डाग पुसले होते. त्यामुळे प्रत्येक ठिगळ रंग लागलेल्या कापडातून उचललं गेलं. पुढे रंगाचा थर हलला तेव्हा त्याच्या खालचं कापड बदललं, वर बसलेली ठिगळं जुन्या रंगातच राहिली. फाईलमध्ये थर होते, मूळ चित्र सुरक्षित होतं, पण रंग बदलता येत नव्हता. क्लायंटच्या दृष्टीने ती फ्लॅट फाईलच होती.

तेव्हापासून माझ्या फाईलचा क्रम एकच आहे: डाग खाली, रंग वर. मधे एक रेष आहे असं समजते. रेषेच्या खाली जे आहे ते खरं चित्र, तिथे क्लायंटने हात लावायचा नाही. रेषेच्या वर सगळ्या सूचना, तिथे हवं ते करावं. डाग पुसण्यासाठी मी मूळ चित्राच्या लगेच वर एक रिकामा थर घेते. ब्रशच्या पट्टीत `Sample` समोर `Current & Below` निवडते, म्हणजे वरच्या रंगाच्या थरांतून काही उचललं जात नाही.

आणि फाईल पाठवण्याआधी एक परीक्षा घेते. रंगाच्या थरातली `Hue` ची घोडी एकदम +६० पर्यंत ओढते. वांगी साडी लालभडक होते, बघवत नाही, पण मला बघायचं असतं ते वेगळंच. एखादं ठिगळ वर राहून गेलं असेल तर त्या लालात ते जांभळ्या ठिपक्यासारखं लगेच उठून दिसतं. काठाशी मास्क नीट बसला नसेल तर बारीक कड दिसते. दोन मिनिटांचं काम आहे. कुणाकडून ओपन फाईल घेणाऱ्या क्लायंटनेही ही परीक्षा घ्यावी आणि मगच उरलेले पैसे द्यावेत, असं मी माझ्या क्लायंटना स्वतःहून सांगते.

येवल्याच्या सतरा नंबरच्या साडीचे थर खालून वर असे होते. थरांची नावं मी रोमन लिपीत लिहिते, कारण दुसऱ्याच्या संगणकावर देवनागरी अक्षरं कधी कधी मोडून येतात.

```
06_EKUN
05_JAR
04_SADI_RANG
03_PANDHARA
---- RESH ----
02_SAFAI
01_MUL
```

`01_MUL` म्हणजे कॅमेऱ्यातून आलेलं चित्र. `02_SAFAI` मध्ये पुसलेले डाग. `03_PANDHARA` हा थर पांढऱ्याला पांढरा करणारा. शूटिंगच्या वेळी साडीजवळ एक राखाडी कार्ड धरून एक फोटो काढलेला असतो. त्या कार्डावर कुठलीही झाक उरू नये असा हा थर बसवतात. `04_SADI_RANG` हा एक गट, त्यात अंग, काठ आणि पदर यांचे वेगवेगळे थर. `05_JAR` जरीसाठी, कारण वांगी रंगाच्या शेजारची जर फोटोत फिकट हिरवट दिसायला लागते. सगळ्यात वर `06_EKUN`, एकूण उजेड कमी-जास्त करायला.

प्रत्येक थराला मास्क असतो. मास्क म्हणजे त्या थराची हद्द: जिथे पांढरा तिथे सूचना लागू, जिथे काळा तिथे नाही, राखाडी तिथे अर्धवट. पैठणीत हद्द आखणं हेच खरं कष्टाचं काम. काठ अंगाला जोडलेला असतो तिथे दोन्हींचे धागे एकमेकांत अडकलेले असतात, म्हणजे काठोकाठ रेघ मारता येत नाही. एक-दोन पिक्सेलची मऊ सीमा ठेवावी लागते. पदरावरच्या मोराच्या गळ्यातला निळा अंगाच्या वांग्याच्या इतका जवळचा असतो की मास्कमधून मोर एकेक करून वगळावे लागतात. या एका साडीचे मास्क करायला मला सव्वातीन तास लागले. पण भाच्याने रंग फिरवला तेव्हा मोर मोरासारखेच राहिले, ते याच तासांमुळे.

चिठ्ठी एका पानाची असते. साध्या मराठीत, आणि जो फाईल उघडणार त्याला उद्देशून. या फाईलच्या चिठ्ठीतला साडीचा भाग असा होता:

"साडीचा रंग: आधी फाईलची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा. उजवीकडच्या यादीत `04_SADI_RANG` गट उघडा. त्यात `ANG` नावाच्या थराच्या छोट्या चित्रावर दोनदा क्लिक करा. `Hue` ची घोडी उजवीकडे नेली की निळं वांग्याकडे जाईल, डावीकडे नेली की निळ्याकडे. एका वेळी २ने हलवा. साडी खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात धरा, थेट उन्हात नको, दुकानातल्या दिव्याखालीही नको. फोनवर पाहत असाल तर डोळ्यांना आराम देणारा पिवळसर पडदा बंद करा. −१२ ते +१२ च्या पलीकडे जाऊ नका. तेवढ्यात जमलं नाही तर मला फोन करा, ती अडचण थराची नसून फोटोची असते. रेषेच्या खालच्या दोन थरांना हात लावू नका."

भाच्याने घोडी +८ वर ठेवली. ही दुरुस्ती मला आधीच का करता आली नाही, हा प्रश्न काकांनी विचारला आणि तो रास्त होता. राखाडी कार्ड लावलं होतं, स्टुडिओचे दिवे चांगले होते, कार्ड फोटोत अचूक राखाडी होतं, तरी साडी निळी आली. कारण कॅमेऱ्याचा सेन्सर आणि माणसाचा डोळा रंग सारखेच मोजत नाहीत. हिरव्या-पिवळ्यात हा फरक फारसा जाणवत नाही. जांभळ्यात मात्र लाल आणि निळ्याचा तोल किंचित ढळला तरी रंगाचं नावच बदलतं. कार्डाने उजेडाची झाक निघते, एका विशिष्ट रेशमी रंगाची चूक निघत नाही. त्यासाठी साडी समोर असलेला माणूस लागतो, आणि तो येवल्यात होता. रंगाचा शेवटचा निर्णय त्याच्या हातात देता यावा म्हणूनच हा थर वेगळा ठेवलेला असतो.

ही पैठणी धूपछांव होती, म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. इथे लाल आणि निळा. निऱ्या वळतात तिथे लाल चमकतो, सावलीत निळा दाटतो, आणि दोहोंचं मिळून डोळ्याला वांगी दिसतं. +१२ ची मर्यादा येते ती यातूनच. घोडी फार पुढे नेली की निळ्याबरोबर निऱ्यांवरची लाल चमकही सरकते, लालाची नारिंगी होते, आणि विणणाऱ्याने कधी न वापरलेला धागा साडीत दिसू लागतो. ते पाहिलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात खरी साडी पडली की ते ती परत पाठवतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

याच कारणाने 'याच फोटोतली साडी हिरवी करून द्या, तोच माल हिरव्यात आहे' या मागणीला मी धूपछांवच्या बाबतीत नकार देते. हिरव्या साडीत उभा आणि आडवा धागा वेगळा असेल, चमक वेगळ्या जागी पडेल. तिचा वेगळा फोटो काढावा लागतो. एकरंगी सुती साडी असेल तर मात्र थर वापरून दुसरा रंग बऱ्यापैकी खरा वाटेल असा करता येतो.

काळी आणि पांढरी साडी ही आणखी एक अडचण. `Hue` ची घोडी असलेला रंग फिरवते, नसलेला आणत नाही. काळ्या चंद्रकळेवर ती कितीही ओढली तरी काही होत नाही, आणि मग क्लायंटला वाटतं फाईल बिघडली. म्हणून अशा साडीच्या चिठ्ठीत मी घोडीऐवजी उजेडाच्या कर्व्हबद्दल लिहिते, काळा किती दाट हवा एवढंच त्यात बदलता येतं.

आणि काही गोष्टी कुठल्याच थराने होत नाहीत. भडक राणी रंगाच्या साडीवर दिवा जास्त पडला की लाल रंगाची मोजणी वरच्या टोकाला जाऊन अडते. तिथली वीण फोटोत नोंदवलीच जात नाही, नुसता सपाट गुलाबी डाग येतो. असा भाग असेल तर मी चिठ्ठीत त्याचा उल्लेख करते, 'उजव्या खांद्यावर वीण नाही, तिथे उजेड कमी केला तरी येणार नाही', असं. तसं लिहिताना जड जातं, कारण क्लायंटला ते माझं अपुरं काम वाटू शकतं. तरी लिहिते. नाहीतर कुणीतरी त्या खांद्यावर एक दुपार घालवतं.

रेषेच्या खाली हात लावू नका, एवढं लिहून भागत नाही, हे एका डिझायनरमुळे कळलं. त्याने ते वाचूनही `01_MUL` उघडलं आणि मूळ चित्रच थोडं उजळवलं. ठिगळं जुन्या उजेडाची राहिली आणि पुन्हा तेच पुरळ. आता मी कारणही एका ओळीत देते: "सफाईची ठिगळं मूळ चित्रातूनच घेतली आहेत, मूळ बदललं तर ती उघडी पडतील. उजेड वाढवायचा तर `06_EKUN` वापरा." कारण दिल्यापासून तो थर कुणी उघडलेला नाही.

चिठ्ठीचा शेवटचा भाग छपाईचा, आणि सगळ्यात जास्त फाईली तिथेच बिघडतात. प्रेसला चार शाईंची, म्हणजे सीएमवायके फाईल लागते. घाईत कुणीतरी ओपन फाईलच `Image > Mode` मधून बदलतं. फोटोशॉप विचारतं की थर एकत्र करू का. 'नको' म्हटलं तर सूचना आता वेगळ्या रंगव्यवस्थेवर चालतात, वांगी साडी भलतीच दिसते आणि काही अ‍ॅडजस्टमेंट लेयर तर टाकूनच दिले जातात. 'हो' म्हटलं आणि तसंच सेव्ह केलं तर ओपन फाईल संपली. माझी सूचना अशी: ओपन फाईल आहे त्या रंगव्यवस्थेतच ठेवा. रंग पक्का झाला की तिची प्रत काढा, प्रतीचे थर एक करा, आणि मग ती प्रत प्रेसने दिलेल्या प्रोफाईलमध्ये बदला. वेबसाईटसाठी दुसरी प्रत, ती `sRGB` मध्ये. पुढच्या वर्षी कॅटलॉग पुन्हा छापायचा झाला तर सुरुवात ओपन फाईलपासून करायची, या प्रतींपासून नाही.

वांग्याच्या बाबतीत छपाईचं आणखी एक दुःख आहे. पडद्यावरचा तेजस्वी जांभळा चार शाईंत बसतच नाही. कागदावर तो थोडा मळकट होणारच. काकांना मी हे फोनवर सांगितलं आणि प्रूफ काढून घ्यायला लावलं. प्रूफ आल्यावर ते म्हणाले, "साडीइतका नाही, पण निळा तरी नाही." छपाईत वांगी इतपतच येतो, आणि ते त्यांना आधी माहीत होतं म्हणून प्रेसवाल्याशी भांडण झालं नाही.

एका फाईलचा आकार तीनशे ते चारशे एमबी झाला होता, ४२ साड्यांच्या फाईली पेनड्राईव्हवर कुरिअरने गेल्या. चिठ्ठीची एक प्रत पेनड्राईव्हमध्ये आणि एक छापून पाकिटात. छापलेली कशाला, असं बरेच जण विचारतात. पेनड्राईव्ह डिझायनरकडे जातो आणि तिथेच राहतो. दुकानात राहतो तो कागद.

संक्रांतीनंतर काकांनी सतरा नंबरची फाईल मला परत पाठवली, वेबसाईटसाठी नव्याने कापायला. उघडून पाहिली तर रेषेच्या खालचे दोन्ही थर जसेच्या तसे होते. `ANG` ची घोडी +८ वरून +६ वर आली होती, आणि यादीत सगळ्यात वर एक नवा थर होता, `07_BLOUSEPIECE`, नीट मास्क केलेला. ब्लाऊजपीस अंगापेक्षा अर्धी छटा गडद असतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते त्या मुलाला माहीत होतं. मास्कची कड घडीजवळ थोडी कडक होती; ती मी दोन पिक्सेल मऊ केली आणि चिठ्ठीत सातव्या थराबद्दल त्याच्या कामाची एक ओळ वाढवली.